वायू गेला कुठे?

२८ मे १९९१ रोजी फिलिपीन्समधल्या पिनातुबो डोंगरातून दिवसाला ५,००० टनांहून जास्त सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. पंधरवड्यापूर्वी, १३ मे रोजी, हाच आकडा ५०० टन होता. दहापट वाढीचा अर्थ लावायला फारसं डोकं लागत नाही. खालून शिलारस वर येत होता आणि येता येता त्याचा वायू सुटत होता. पण त्यानंतर आठवड्याभरातच आकडा घसरू लागला. १,८००, १,३०० असं करत ५ जूनला तो ३०० टनांच्याही खाली गेला.

क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरच्या एका सदनिकेत फिलिपीन्सच्या ज्वालामुखी व भूकंप संस्थेची आणि अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षणाची माणसं मिळून डोंगरावर नजर ठेवून होती. त्यांच्यासमोर हा आकडा आला तेव्हा त्याचे दोन अर्थ निघत होते, आणि दोन्ही एकमेकांच्या पूर्ण उलट. पहिला अर्थ असा की शिलारसातला वायू बराचसा निघून गेला आहे, आता उरलेला घट्ट रस वर आला तरी मुकाट्याने साचून बसेल. दुसरा अर्थ असा की वायू आहे तिथेच आहे, फक्त वर यायची वाट बुजली आहे. पहिला खरा असेल तर हजारो माणसांना घरी परत पाठवायला हरकत नव्हती. दुसरा खरा असेल तर त्यांना आजच्या आज आणखी लांब न्यायला हवं होतं.

ज्वालामुखी शांतपणे वाहणार की फुटणार, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात दोन ओळींत सुटतो: पातळ शिलारस वाहतो, घट्ट आणि वायूने भरलेला शिलारस फुटतो. खोटं त्यात काही नाही. पण क्लार्कच्या त्या सदनिकेत बसलेल्यांना पिनातुबोचा रस घट्ट आहे आणि त्यात वायू होता, हे दोन्ही ठाऊक होतं. तरीही पुढे काय होणार ते सांगता येत नव्हतं. कारण प्रश्न वायू किती आहे एवढाच नव्हता. तो कोणत्या वाटेने आणि कोणत्या वेगाने बाहेर पडतो, हा होता.

योगायोग असा की त्याच महिन्यात पृथ्वीवर आणखी दोन ज्वालामुखी जागे होते आणि या प्रश्नाची आणखी दोन उत्तरं देत होते. एक हवाई बेटावरचा किलावेया, दुसरा जपानच्या क्यूशू बेटावरचा उन्झेन.

किलावेयापासून सुरुवात करू, कारण तिथलं गणित सोपं आहे. ३ जानेवारी १९८३ रोजी तिथं सुरू झालेला उद्रेक १९९१ मध्येही थांबलेला नव्हता. १९९० साली त्याच्या लाव्हाने कालापाना हे समुद्रकाठचं गाव गिळलं होतं. शंभरावर घरं गेली, पण लोक आपलं सामान काढून, काहींनी तर अख्खी चर्चची इमारत ट्रकवर चढवून, चालत्या लाव्हाच्या पुढे निघून जाऊ शकले. लाव्हा माणसाच्या चालीने किंवा त्याहून हळू येत होता. वायू त्यातही होताच. ढोबळ हिशेब मांडू. किलावेयाच्या एक घनमीटर शिलारसाचं वजन सुमारे २,६०० किलो. त्यात पाणी ०.३ टक्के धरलं तर आठएक किलो होतं. ११५० अंश सेल्सिअसला आणि वरच्या हवेच्या दाबाला त्या पाण्याची वाफ सुमारे ५० घनमीटर जागा व्यापते. म्हणजे एका हंडाभर रसातून पन्नास हंडे वाफ निघते. ही काही थोडी नाही. पहिल्या तीन वर्षांत याच उद्रेकात लाव्हाचे फवारे शेकडो मीटर उंच उडाले, ते या वाफेच्याच जोरावर.

पण फवारा म्हणजे स्फोट नव्हे. किलावेयाचा रस बेसाल्टचा आहे, म्हणजे त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास. तो पाण्याच्या लाखपट घट्ट भरतो. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण शिलारसांच्या जातीत हा अगदी पातळ समजायचा. थंडीत बाटलीत बसलेल्या काकवीच्या जवळपासचा. अशा रसात बुडबुडे सहज फुगतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वर चढून फुटतात. रस मागे राहतो, वायू पुढे जातो. दोघांची फारकत होते.

आपल्याकडे सह्याद्रीत या फारकतीची साक्ष पायाखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेले लाव्हाचे थर याच जातीच्या बेसाल्टचे आहेत. घाटातल्या एखाद्या कातळाच्या कापात एका थराचा वरचा भाग पाहिला तर तो स्पंजासारखा भोकाभोकांचा दिसतो. वर चढत आलेल्या पण वरची साय घट्ट झाल्यामुळे बाहेर न पडू शकलेल्या बुडबुड्यांच्या या जागा आहेत. पुढे पाण्याने त्यांत झिओलाइटचे स्फटिक भरले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात लोक ज्यांच्यासमोर फोटो काढतात ते स्फटिक बहुतेक अशाच पोकळ्यांमध्ये वाढलेले आहेत. थराच्या मधल्या भागात मात्र कातळ घट्ट आणि निखळ असतो, कारण तिथला वायू केव्हाच वर निघून गेलेला असतो.

(किलावेया नेहमी असाच सौम्य असतो असं मात्र नाही. १७९० साली आणि १९२४ साली तो फुटला होता. पण त्याचं कारण निराळं होतं. तिथं तापलेल्या खडकात बाहेरचं पाणी शिरलं होतं.)

आता पिनातुबोचा रस. तो डेसाइट या जातीचा, त्यात सिलिका ६४-६५ टक्के. सिलिकॉनचे अणू ऑक्सिजनच्या दुव्यांनी एकमेकांना धरून साखळ्या आणि जाळ्या करतात. सिलिका जितकी जास्त तितकी जाळी मोठी आणि रस तितका हट्टी. शिवाय हा रस थंड होता, ७८० अंशांच्या आसपास, आणि त्याचा जवळपास निम्मा भाग आधीच स्फटिक झालेला. शिऱ्यात रवा असावा तसे त्यात दाणे होते.

या रसाचं पाण्याशी असलेलं नातं विलक्षण आहे. सात-आठ किलोमीटर खोलीवर, तिथल्या दाबाखाली, त्यात वजनाने ६ टक्क्यांच्या आसपास पाणी विरघळलेलं होतं. हे पाणी तिथं नुसतं दडून बसत नाही. ते सिलिकाच्या दुव्यांमध्ये शिरून ते तोडतं आणि त्यामुळे रस पातळ होतो. म्हणजे खोलवरचा डेसाइट वाटतो तितका घट्ट नसतो, कारण पाण्याने त्याला सैल केलेलं असतं. तो वर येऊ लागला की दाब कमी होतो आणि पाणी बुडबुड्यांच्या रूपाने रसातून बाहेर पडतं. पाणी बाहेर पडलं की तुटलेले दुवे पुन्हा जुळतात आणि उरलेला रस मूळच्या हजारो, कधी लाखोपट घट्ट होतो. घात इथेच होतो. ज्या क्षणी बुडबुड्यांना वाढायला जागा हवी, नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या भोवतीच्या भिंती आवळत जातात.

याचाही हिशेब करून पाहू. एक घनमीटर डेसाइट रस म्हणजे २,४०० किलो, त्याचे ६ टक्के म्हणजे १४४ किलो पाणी. वर आल्यावर त्याची वाफ सुमारे ७०० घनमीटर होते. किलावेयाच्या पन्नासच्या तुलनेत ही चौदापट आहे. पण खरा फरक चौदापटीत नाही. किलावेयाचे पन्नास हंडे रसाला सोडून जातात. डेसाइटचे सातशे हंडे रसाला सोडून जाऊ शकत नाहीत. चुलीवर आमटी उकळताना तिचा आवाज नुसता बुडबुड असतो. पिठलं घट्ट झालं की तेच बुडबुडे अडकतात, फुगतात आणि रटरटून बाहेर चटका देतात. जाळ तोच आणि पाणीही तेच.

पिठलं तरी शेवटपर्यंत ओलं राहतं. डेसाइट राहत नाही. बुडबुड्यांनी रसाचा सत्तर-पंचाहत्तर टक्के भाग व्यापला की उरतो तो रसाचा फेस, आणि तो आणखी ताणला गेला की बुडबुड्यांमधले पापुद्रे तडकतात. चिक्कीचा पाक हळू ओढला तर त्याची तार निघते, झटका दिला तर काचेसारखा मोडतो. डेसाइटचंही तसंच. सावकाश ताणला तर वाहतो, वेगाने ताणला तर फुटतो. तडकण्याच्या त्या क्षणी ज्वालामुखीच्या नळीत रसात वायू आहे ही स्थिती संपते आणि वायूत रसाचे तुकडे आहेत ही स्थिती सुरू होते. त्यानंतर वर येतं ते वायूचं वादळ, आणि लाव्हा त्यात राखेच्या रूपाने उडत असतो. आपण राख म्हणतो ती काही जळून उरलेली नाही. तो बुडबुड्यांच्या फुटलेल्या भिंतींचा काचेचा चुरा आहे.

हे सगळं खरं असेल तर डेसाइटचा प्रत्येक ज्वालामुखी फुटायला हवा. पण त्याच जूनमध्ये जपानमध्ये उन्झेन फुटत नव्हता. त्याचाही रस डेसाइट, सिलिकाही जवळपास तेवढीच, आणि खोलवर पाण्याचा साठाही भरपूर. तरीही २० मे १९९१ रोजी शिखरावर त्याचा लाव्हा दिसू लागला तो टूथपेस्ट पिळल्यासारखा, दगडी आणि शांत. त्याचा घुमट फुगत गेला, कडेने ढासळत गेला आणि पुन्हा फुगत राहिला. अगदी जोरात असतानाही दिवसाला चारएक लाख घनमीटर इतकाच रस तिथं वर येत होता. म्हणजे सेकंदाला साडेचार घनमीटर, आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी कालव्याइतका. सात-आठ किलोमीटरची चढण या गतीने चढणाऱ्या रसाला वाटेत वेळ मिळतो. बुडबुडे एकमेकांना जोडले जातात, त्यांच्या बारीक वाटा होतात आणि वायू बाजूच्या भेगाळ खडकात झिरपून जातो. शिखराशी पोचतो तो बराचसा निवलेला रस.

निवलेला म्हणजे निरुपद्रवी, असं समजणं मात्र चुकीचं होतं. उन्झेनचा घुमट उतारावर वाढत होता. त्याचा तुकडा सुटून खाली कोसळला की आत उरलेल्या थोड्या वायूसकट तो चुरा व्हायचा आणि शेकडो अंश तापलेल्या राखेचा लोट दरीतून धावत सुटायचा. २४ मेपासून असे लोट रोज येऊ लागले. ते पाहायला पत्रकार आले, आणि मोरिस व कातिया क्राफ्ट हे फ्रेंच जोडपंही आलं.

क्राफ्ट दांपत्य ज्वालामुखींची विभागणी लाल आणि करडे अशी करायचं. लाल म्हणजे किलावेयासारखे वाहणारे, करडे म्हणजे राखेचे, फुटणारे. वीस वर्षं जगभर हिंडून त्यांनी दोन्हींचं चित्रीकरण केलं. १९८५ साली कोलंबियात नेवादो देल रुइसच्या चिखलाच्या लोंढ्याने आर्मेरो गावात वीस हजारांवर माणसं गेली. इशारा दिलेला होता, पण संकट नेमकं कसं दिसतं हे कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. त्यानंतर क्राफ्टनी ज्वालामुखीच्या धोक्यांवर एक फिल्म करायला घेतली. तिची पुरती तयार नसलेली प्रत १९९१ मध्ये फिलिपीन्सला पाठवली गेली, आणि पिनातुबोच्या भोवतालच्या अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना ती दाखवली गेली. राखेचा लोट म्हणजे काय हे शब्दांत सांगून पटत नव्हतं, ते पडद्यावर पाहून पटलं.

३ जूनच्या दुपारी चारनंतर उन्झेनच्या घुमटाचा मोठा भाग सुटला. लोट नेहमीप्रमाणे दरीतून आला, पण त्याच्यावरचा राखेचा गरम ढग दरीची कड ओलांडून उंचावरच्या जागेवर चढला. पत्रकार, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, टॅक्सीचालक, क्राफ्ट दांपत्य आणि अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी ग्लिकन अशी ४३ माणसं त्यात गेली. ग्लिकनची कहाणी अंगावर येते. १९८० साली माउंट सेंट हेलेन्सच्या टेहळणीवर तो होता. उद्रेकाच्या आदल्या दिवशी त्याची जागा डेव्हिड जॉन्स्टनने घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जॉन्स्टन गेला. ग्लिकनला अकरा वर्षं मिळाली.

उन्झेनची बातमी क्लार्कच्या सदनिकेत पोचली तेव्हा पिनातुबोचा वायूचा आकडा उतरणीवर होता. तिथल्या माणसांना काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. त्यांच्या कामाची पद्धत मात्र सांगता येते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

पिनातुबो लोकांच्या दृष्टीने ज्वालामुखीच नव्हता. पाचएकशे वर्षं तो गप्प होता. त्याच्या अंगाखांद्यावर जंगल होतं आणि त्यात आएता हे आदिवासी राहत होते. २ एप्रिलला उत्तरेकडच्या अंगाला वाफेचे स्फोट झाले आणि आएतांमध्ये काम करणाऱ्या एका ननने ही खबर मनिलात पोचवली. तिथल्या संस्थेचे प्रमुख रायमुंदो पुनोंगबायान यांनी भूकंपमापक बसवायला माणसं धाडली. महिन्याअखेर क्रिस न्यूहॉल आणि इतर अमेरिकी सहकारी उपकरणं घेऊन आले. डोंगराचा इतिहास त्यांच्याकडे लिहिलेला नव्हता, म्हणून त्यांनी तो दऱ्यांच्या कडांमध्ये वाचला. जुन्या लोटांचे जाड थर, त्यांतले कोळसे, कोळशांची वयं यांवरून त्यांना कळलं की हा डोंगर शतकानुशतकं झोपतो आणि उठला की मोठाच उठतो.

वायू मोजायला त्यांच्याकडे एक यंत्र होतं. ते मुळात कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर मोजण्यासाठी बनवलेलं. सल्फर डायऑक्साइड सूर्यप्रकाशातला अतिनील भाग शोषतो. धुराच्या पट्ट्याखालून विमानाने आडवं उडत गेलं की वरून येणारा प्रकाश किती कमी झाला त्यावरून वायूचा हिशेब निघतो. खरं महत्त्व वाफेला आहे, पण वाफ मोजून उपयोग नसतो, कारण उष्ण कटिबंधातल्या हवेत ती आधीच ठासून भरलेली असते. हवेत सल्फर डायऑक्साइड एरवी जवळजवळ नसतो, म्हणून तो वाफेचा साक्षीदार म्हणून धरतात. साक्षीदार गप्प झाला तर तो निघून गेला की त्याचं तोंड दाबलं गेलं, हे त्याच्या एकट्याच्या बोलण्यावरून ठरत नाही. दुसरी खूण लागते.

ती भूकंपांत होती. वायू खरोखर सरून गेला असता तर खालची धडपडही ओसरायला हवी होती. पण आकडा घसरत असताना भूकंप कमी होण्याऐवजी शिखराच्या जवळ, कमी खोलीवर येत होते. ५ जूनला धोक्याची पातळी पाचपैकी तिसरी केली गेली. ७ जूनला शिखराजवळ छोटा लाव्हाघुमट दिसला. उन्झेन पाहिलेल्या कुणालाही हे आश्वासक वाटलं असतं, कारण रस शांतपणे वर येऊन साचत होता. त्यांनी मात्र पातळी चौथी केली आणि दोन दिवसांनी पाचवी. १० जूनच्या मोजणीत सल्फर डायऑक्साइड १३,००० टनांच्या वर गेला. बूच सैल झालं होतं. त्याच दिवशी क्लार्क तळावरून १४,५०० लोक गाड्यांच्या रांगेने सुबिक खाडीकडे निघाले. आता मागे वळून पाहता ही सरळ गोष्ट वाटते. त्या दिवशी काहीच घडलं नसतं तर एका संपूर्ण लष्करी तळाला पळवून लावणारे म्हणून त्यांचं हसं झालं असतं.

१२ जूनला, फिलिपीन्सच्या स्वातंत्र्यदिनी, सकाळी ८ वाजून ५१ मिनिटांनी राखेचा पहिला मोठा स्तंभ उठला. पुढचे दोन दिवस अधूनमधून स्फोट होत राहिले. १५ जूनला पहाटेपासून ते वाढत गेले आणि त्याच दिवशी यून्या नावाचं चक्रीवादळ लुझॉन बेटावरून चाललं होतं. दिवसा अंधार झाला. दुपारी १ वाजून ४२ मिनिटांनी जे सुरू झालं ते रात्रीपर्यंत थांबलं नाही. डोंगरावरची उपकरणं एकामागून एक बंद पडत गेली आणि शास्त्रज्ञ तळ सोडून पळाले. स्तंभ पस्तीस किलोमीटरहून उंच गेला. उन्झेनची तुलना इथे करायला हवी. तिथं सेकंदाला चार-पाच घनमीटर रस येत होता. पिनातुबोतून नऊएक तासांत सुमारे ५ घनकिलोमीटर रस बाहेर पडला, म्हणजे सेकंदाला सरासरी दीड लाख घनमीटर. या वेगात वायूला बाजूला झिरपायला वेळच नव्हता. पाण्याने रस सोडला, रस आवळला, पापुद्रे तडकले, आणि नळीत मोकळी झालेली जागा खालचा आणखी रस भरून काढत गेली. दाब जसजसा वरून उतरत गेला तसतसा खोलवरचा रसही फेसाळत गेला. शेवटी शिखरच आत बसलं आणि अडीच किलोमीटर रुंदीचं विवर उरलं.

प्रत्यक्ष उद्रेकात माणसं मेली ती बहुतेक राखेच्या लोटात नाही, तर घरांच्या छपरांखाली. वादळाच्या पावसाने राख भिजली, तिचं वजन वाढलं आणि छपरं बसली. पुढे छावण्यांतल्या रोगराईने आणि चिखलाच्या लोंढ्यांनी मिळून एकूण साडेआठशेच्या आसपास मृत्यू झाले. हा आकडा लहान नाही. पण लोट ज्या दऱ्यांमधून धावले तिथली हजारो माणसं आठवडाभर आधीच हलवलेली होती.

प्रश्न उरला तो असा की पाचशे वर्षं गप्प असलेला हा रस त्याच वर्षी का उठला, आणि एवढ्या वेगाने का? उत्तर त्या छोट्या घुमटात सापडलं. ७ जूनचा घुमट शुद्ध डेसाइटचा नव्हताच. तो बेसाल्ट आणि डेसाइट यांच्या मिश्रणातून झालेला होता आणि त्यात बेसाल्टचे गोठलेले गोळे होते. म्हणजे खालून तापलेला, पातळ, किलावेयाच्याच कुळातला बेसाल्ट थंड डेसाइटच्या साठ्यात घुसला होता. त्याने साठा तापवला, ढवळला आणि आपला वायू त्यात ओतला. जॉन पॅलिस्टर, रिक होब्लिट आणि आग्नेस रेयेस यांनी १९९२ साली ही मांडणी केली. म्हणजे लाल ज्वालामुखीचा रस खालून आला आणि त्याने करड्या ज्वालामुखीला पेटवलं. क्राफ्ट दांपत्याला हे ऐकायला आवडलं असतं असं मला वाटतं.

उन्झेनचा घुमट तोवर वाढतच होता. तो १९९५ च्या सुरुवातीला थांबला, तेव्हा चार वर्षांत मिळून साधारण ०.२ घनकिलोमीटर रस बाहेर आलेला होता. पिनातुबोने एवढा रस काही मिनिटांत फेकला होता. उन्झेनचा वायू हळूहळू झिरपून गेला असं सगळे म्हणत होते, पण ती वाट कुणी पाहिलेली नव्हती. म्हणून जपानी आणि इतर देशांच्या शास्त्रज्ञांनी डोंगराच्या उत्तर अंगावरून तिरका छेद घ्यायला सुरुवात केली. २००४ साली सुमारे दोन किलोमीटर लांबीचा तो छेद शिखराखाली सव्वा किलोमीटरच्या आसपास खोलीवर त्या नळीला भिडला. आत पाचशे अंशांहून जास्त तापमान असेल असा अंदाज होता. निघालं दोनशेच्याही खाली. नऊ वर्षांत नळी थंड पडली होती.

बाहेर काढलेल्या खडकाच्या कांड्यांमध्ये डेसाइटच्या भिंती आडव्यातिडव्या भेगांनी चिरलेल्या होत्या. काही भेगा बारीक चुऱ्याने भरलेल्या होत्या. तो चुरा म्हणजे राखच होती. बाहेरून इतक्या शांत दिसणाऱ्या उन्झेनमध्ये जमिनीखाली रस असा बारीक बारीक फुटत आला होता, आणि प्रत्येक भेगेतून थोडा थोडा वायू बाजूच्या खडकात निघून गेला होता.